तव्याचे काळे पापुद्रे: खायचे की फेकायचे?

(ऑडिओ भागाचं हे शब्दांकन आहे. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)

आजचा भाग एका फोनवरून सुचला. गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावजयीचा नाशिकहून सकाळीच फोन आला. ती तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. आवाज घाबरलेला. म्हणाली, "ताई, घावनांवर काळे काळे तुकडे येतायत. मी काल चार खाल्ली आणि मग लक्षात आलं. बाळाला काही होणार नाही ना?"

मी आधी तिला शांत केलं आणि मग विचारलं, तवा कुठला? ती म्हणाली, बिडाचा. आठवडी बाजारातून आणलेला, अकरा इंची. दोन महिने झाले. आणि मग हळूच म्हणाली, "ताई, मी गोळ्या बंद केल्यात. लोखंडाच्या तव्यावर खातेय ना आता. गोळ्यांनी मळमळतं फार."

आता खरं सांगते, काळे तुकडे ऐकून मी घाबरले नव्हते. ही दुसरी गोष्ट ऐकून घाबरले. तिचं हिमोग्लोबिन साडेनऊ होतं. पण दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच तव्यात आहेत, म्हणून आज तो तवाच समोर घेऊन बसू.

पहिल्यांदा हे काळं म्हणजे काय ते समजून घेऊ. आपण सगळ्याच काळ्याला एकाच नावाने हाक मारतो, "तव्याचं काळं". पण बिडाच्या तव्यावरून निघणाऱ्या काळ्या गोष्टी निदान चार प्रकारच्या असतात आणि चौघींचा स्वभाव वेगळा असतो.

एक म्हणजे जळलेलं अन्न. पीठ, तेल, कांदा, जे काही मागच्या वेळी तव्यावर राहिलं आणि पुन्हा पुन्हा तापून कोळसा झालं. दुसरं म्हणजे तेलाचा थर, ज्याला आपण सीझनिंग म्हणतो. तिसरी गोष्ट खरं तर काळी नाहीच. ती म्हणजे गंज, लालसर तपकिरी, पण तेलात मिसळला की काळपट दिसतो. आणि चौथी म्हणजे दुकानातून येताना तव्यावर असलेला लेप. नवीन तवा गोदामात पडून गंजू नये म्हणून त्यावर कधी तेल लावलेलं असतं, कधी मेण, कधी सरळ काळा रंग.

याशिवाय एक पाचवी गोष्ट आहे, तिला तुकडा म्हणता येणार नाही. स्वच्छ धुतलेल्या बिडाच्या तव्यावर पांढरं फडकं फिरवलं तरी ते करडं होतं. लोक म्हणतात, तवा अजून घाण आहे, आणि घासत बसतात. घासून ते कधीच संपणार नाही. बीड म्हणजे साधं लोखंड नव्हे. त्यात वजनाने साधारण तीन टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या रूपात असतो. ग्रॅफाइट म्हणजे पेन्सिलीचं शिसं म्हणतो ना आपण, ते. त्याला शिसं म्हणतात पण त्यात शिसं नसतं. फडक्यावर करडा डाग आला तर तो त्या ग्रॅफाइटचा आणि जळलेल्या तेलाच्या बारीक भुकटीचा असतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता आपल्या भावजयीकडे वळू. मी तिला फोनवर तीन गोष्टी करायला सांगितल्या. तुम्हीही करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

पहिली गोष्ट, एक तुकडा पांढऱ्या कागदावर ठेवून बोटाने चिरडायचा. जळलेलं अन्न असेल तर ते चुरडतं, काजळीसारखी भुकटी होते आणि बोट काळं होतं. तेलाच्या थराचा पापुद्रा असेल तर तो चिरडत नाही. तो मोडतो, कट् करून, नखासारखा. त्याची एक बाजू चकचकीत असते आणि दुसरी, जी तव्याला चिकटलेली असते, ती तपकिरी दिसते. उजेडासमोर धरला तर कडेला मधासारखा रंग दिसतो. दुकानातला रंग असेल तर पापुद्रा लवचिक असतो, नखाने सोलला तर पट्टीच्या पट्टी निघते, आणि तवा पहिल्यांदा तापवताना ऑइलपेंटसारखा वास येतो.

दुसरी गोष्ट, कागदाखालून फ्रिजवरचं चुंबक फिरवायचं. तेलाचा पापुद्रा आणि जळलेलं अन्न सहसा हलत नाही. तुकडा चुंबकामागे सरकला तर त्यात लोखंडाचा अंश आहे, म्हणजे तव्याच्या पृष्ठभागावरची लोखंडाची काळी खपली उठते आहे. ही परीक्षा अगदी पक्की नाही, पण अंदाज येतो. लाल गंज मात्र चुंबकाला फारशी दाद देत नाही, म्हणून त्याची परीक्षा रंगानेच करायची.

तिसरी गोष्ट, ओलं पांढरं फडकं तव्यावर फिरवायचं. डाग नारिंगी आला तर गंज आहे. करडा आला तर काही नाही.

तिने सगळं केलं. व्हिडिओ कॉलवर मला पापुद्रे दाखवले. चकचकीत, नखासारखे मोडणारे, मागून तपकिरी. चुंबकाला हलले नाहीत. फडकं करडं. मी विचारलं, "तवा तयार कसा केलास गं?" ती म्हणाली, एक व्हिडिओ बघून, जवसाच्या तेलाचे सहा थर दिले. किती तेल घेतलंस एका थराला? "दोन चमचे असेल. चांगलं माखलं."

इथे निदान झालं.

आता थोडं रसायनशास्त्र, घाबरू नका, मी ते कॉलेजात पंचवीस वर्षं शिकवलंय, त्यामुळे थोडक्यात सांगता येतं. तेल लोखंडावर पातळ पसरून तापवलं की त्याचे रेणू हवेतल्या प्राणवायूच्या मदतीने एकमेकांना जोडले जातात. द्रव तेलाची एक कडक जाळी होते. ती साबणाने निघत नाही, पाण्यात विरघळत नाही. म्हणजे सीझनिंग हे तेल राहिलेलंच नसतं, ते जवळजवळ व्हार्निश झालेलं असतं. खिडकीशेजारी ठेवलेल्या तेलाच्या बाटलीच्या बुडाशी जो चिकट पिवळा ओघळ साचतो ना, जो साबणाने जात नाही, तीच क्रिया, फक्त तिथे सावकाश आणि अर्धवट झालेली.

जवसाचं तेल ही क्रिया सगळ्यांत झटपट करतं. म्हणूनच चित्रकारांच्या तैलरंगात ते वापरतात. म्हणूनच व्हिडिओवाल्यांना ते आवडतं, पहिल्या दिवशी तवा आरशासारखा दिसतो. पण त्या जाळीत जोड फार जास्त होतात, थर काचेसारखा कडक आणि ठिसूळ होतो. तवा तापला की लोखंड फुगतं, गार झालं की आकसतं. ठिसूळ थराला ते सोसवत नाही. त्यात थर जाड असेल तर तो वरून वाळतो आणि आत कच्चा राहतो. मग एक दिवस घावन उलटायला उलथनं घातलं की पापुद्रा घावनाबरोबर उठतो. शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन, आपली रोजची तेलं एवढी चकाकी देत नाहीत, पण थर जरा लवचिक राहतो.

आता मुख्य प्रश्न. हे पोटात गेलं तर?

तेलाच्या थराचा पापुद्रा पोटात गेला तर तो पचत नाही. जसा गेला तसा बाहेर पडतो. चार घावनांबरोबर गेलेल्या पापुद्र्यांनी तिला किंवा बाळाला काही होणार नव्हतं आणि मी तिला तसं स्पष्ट सांगितलं. पण "अपाय नाही" याचा अर्थ "खात राहा" असा नाही. तवा सुटतोय हे तो सांगतोय, तर दुरुस्त करायचा.

जळलेल्या अन्नाचं थोडं वेगळं आहे. एखादा काळा कण पोटात गेला तर काही बिघडत नाही, आपण सगळ्यांनी जळकी भाकरी खाल्लेली आहे. पण पिठाचे, तेलाचे पदार्थ करपून कोळसा होतात तेव्हा त्यात काही अशी संयुगं तयार होतात जी रोज, वर्षानुवर्षं पोटात जाणं बरं नाही. त्यामुळे कालच्या करपलेल्या खरपुडीवर आज पुन्हा घावन घालायचं नाही. रोजच्या रोज खरवडून काढायची. ती सीझनिंग नाही. आपल्याकडे बरेचदा याचीच गल्लत होते. आजीच्या तव्याचा काळा, गुळगुळीत पृष्ठभाग म्हणजे सीझनिंग. कडेला बोटभर जाडीची जी खरबरीत खपली जमलेली असते ती सीझनिंग नाही, ती जुनी भाजी आहे.

गंजाचं काय? थोडासा गंज पोटात गेला तर निरोगी माणसाला त्याने विषबाधा होत नाही. गंजातलं लोखंड शरीर फारसं शोषूनही घेत नाही. चव मात्र बिघडते, रक्त चाटल्यासारखी लागते. गंज म्हटलं की लोकांना धनुर्वात आठवतो. धनुर्वात गंजाने होत नाही, तो जिवाणूंनी होतो, आणि ते मातीतून, घाणीतून जखमेत शिरतात. गंजका खिळा पायात घुसतो म्हणून धोका असतो, खिळा खोल जखम करतो म्हणून. गंजक्या तव्यावरची भाकरी खाऊन धनुर्वात होत नाही.

उरला दुकानातला रंग. तो मात्र खायचा नाही. त्यात काय आहे ते तुम्हाला माहीत नाही आणि विकणाऱ्यालाही बहुतेक माहीत नसतं. रंग आहे अशी शंका आली तर तो पूर्ण उतरवल्याशिवाय तवा वापरायचा नाही, आणि रंग असलेला तवा घरात जाळून साफ करायचा नाही. धूर छातीत जातो. परत करता येत असेल तर सरळ परत करा.

आता त्या गोळ्यांकडे येऊ. भावजयीचा समज असा होता की हे काळे तुकडे म्हणजे लोखंड, ते पोटात जातंय, म्हणजे रक्त वाढणार. तिच्या मावशीने तसं सांगितलं होतं. आता बघा, आपण नुकतंच चुंबक फिरवून पाहिलं. पापुद्रा हलला नाही. तो तेलाचा आहे. त्यात लोखंड जवळजवळ नाही. उलट तो थर जितका चांगला, तितकं तव्यातलं लोखंड अन्नात कमी उतरतं, कारण थर मध्ये आडवा असतो.

लोखंडाच्या भांड्यातून अन्नात लोह उतरतं हे खरं आहे. पण ते कधी? पदार्थ ओला असेल, आंबट असेल आणि बराच वेळ शिजला असेल तेव्हा. कढईत चिंच, कोकम किंवा टोमॅटो घातलेली आमटी वीस मिनिटं उकळली तर त्यात लोह चांगलंच वाढतं, आमटी काळपटही होते. तव्यावरची भाकरी कोरडी, दोन-तीन मिनिटांत उतरणारी. घावन ओलं, पण तेही तीन मिनिटांचं आणि त्यात आंबट काही नाही. यातून मिळणारं लोह फार थोडं. आणि किती मिळालं ते कोणीच मोजू शकत नाही. सरकारी दवाखान्यात गरोदरपणात जी लोहाची गोळी देतात तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह असतं, मोजून. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर तो रक्तक्षय समजतात आणि तिचं साडेनऊ होतं. तिथे तवा गोळीची जागा घेऊ शकत नाही. तवा जेवणाचा भाग आहे, औषध नाही.

मी तिला म्हटलं, "मळमळ होते तर डॉक्टरांना सांग, गोळी बदलून मिळते, वेळ बदलता येते. पण आपल्या मनाने बंद करू नकोस." ती त्याच दिवशी संध्याकाळी गेली. डॉक्टर रागावल्या. रात्री झोपताना घ्यायला सांगितलं, आणि गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको म्हणाल्या.

याची उलटी बाजूही सांगून ठेवते. काही लोकांना लोह जास्त होणं हाच धोका असतो. घरात थॅलेसेमियाचं मूल असेल, ज्याला वरचेवर रक्त द्यावं लागतं, किंवा कुणाला शरीरात लोह साठण्याचा आजार असेल, तर आंबट ओले पदार्थ लोखंडी कढईत शिजवण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. अशा घरात आमटी स्टीलमध्ये केलेली बरी.

तर आता तवा दुरुस्त कसा करायचा. हे काम मी माझ्या भावाकडून करून घेतलं, फोनवर बसून, एका रविवारी.

आधी जुना थर उतरवायचा. लोक सांगतात, चुलीत टाका, लाल होऊ द्या, सगळं जळून जाईल. तसं करू नका. बीड ठिसूळ असतं. एका जागी जास्त तापलं तर वाकतं, कधी तडकतं, आणि वर एक लालसर खपली धरते जिच्यावर पुढे तेल नीट बसत नाही. आम्ही धुण्याचा सोडा वापरला, खाण्याचा नव्हे. मोठ्या स्टीलच्या पातेल्यात तवा आडवा बुडेल एवढं पाणी, लिटरला दोन मोठे चमचे सोडा, आणि पाणी उकळायला लागल्यावर वीस मिनिटं मंद आचेवर. पातेलं ॲल्युमिनियमचं नको, सोडा त्याला खातो. हातात रबरी मोजे. मग तवा कोमट होऊ द्यायचा, गरम तव्यावर गार पाणी ओतायचं नाही, आणि स्टीलच्या घासणीने जाड मीठ टाकून घासायचा. जवसाचा थर चिवट असतो. आमचं हे दोनदा करावं लागलं. तिसऱ्यांदा घासताना खालचं करडं लोखंड दिसायला लागलं.

इथे एक गंमत होते. धुतलेला उघडा तवा पाच मिनिटं तसाच ठेवला तर त्यावर नारिंगी झाक येते. भाऊ घाबरून म्हणाला, "ताई, हा तर डोळ्यांदेखत गंजला." उघड्या लोखंडाचं असंच असतं. म्हणून धुतल्याबरोबर पुसायचा आणि लगेच गॅसवर ठेवून पूर्ण कोरडा करायचा. हलकी झाक तेलाच्या फडक्याने निघून जाते.

तुमच्या तव्यावर खरा गंज असेल, म्हणजे पावसाळाभर बंद घरात राहिलेला तवा, जसा आमच्या सिंधुदुर्गातल्या घरी दरवर्षी सापडतो, तर व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन त्यात बुडवा. पण अर्ध्या तासाने बाहेर काढून घासा आणि बघा. हवं तर पुन्हा अर्धा तास. रात्रभर ठेवू नका. आंबट आधी गंज खातं आणि गंज संपला की लोखंड खायला लागतं, तिथे खड्डे पडतात. आमच्याकडे आई चिंचेचा कोळ आणि राखेने घासायची, तेही हेच काम करतं, फक्त सावकाश आणि दंड दुखवून. गंज जाऊन बारीक खड्डे राहिले तर काळजी नको, तवा चालतो.

मग तेल. अकरा इंची तव्याला दोन्ही बाजू आणि दांड्यासकट अर्धा छोटा चमचा तेल पुरतं. हो, अर्धा. तवा हाताला चटका बसेल इतपत गरम करायचा, तेल सुती फडक्याने सगळीकडे चोळायचं. आणि आता दुसरं कोरडं फडकं घेऊन ते सगळं तेल पुसून काढायचं, जणू काही चुकून लागलंय. तव्यावर तेल दिसता कामा नये, फक्त मंद चमक राहिली पाहिजे. जी माणसं ही पायरी गाळतात त्यांचा तवा चिकट होतो किंवा पापुद्रे सोडतो.

ओटीजी असेल तर तवा पालथा ठेवून 220 अंशांवर एक तास, आणि आतच गार होऊ द्यायचा. नसेल तर गॅसवर मध्यम आचेवर, तवा सरकवत सरकवत, म्हणजे कडाही तापतील, हलका धूर निघेपर्यंत आणि मग तो धूर कमी होईपर्यंत. दहा-बारा मिनिटं लागतात. खिडक्या उघड्या. हे तीन-चारदा करायचं, दर वेळी गार होऊ देऊन. गार झाल्यावर बोट लावून बघा. चिकट लागला तर तेल जास्त झालंय किंवा ताप कमी पडलाय. वर आणखी थर देऊ नका, तेल न लावता पुन्हा एकदा तापवा.

यानंतर तवा आरशासारखा दिसत नाही. तपकिरी, डागाळलेला दिसतो. तो तसाच दिसायला हवा. काळेपणा वापराने येतो. पहिले आठ दिवस त्यावर कांदा परता, थालीपीठ लावा, बाजूने सढळ तेल सोडून. घावन इतक्यात नको, पहिलं चिकटणारच. आणि घावन घालताना अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवायची पद्धत सोडू नका. कोकणात कुणी नारळाची शेंडीही वापरतं. तेल मोजकं लागतं आणि सगळीकडे सारखं लागतं, त्या पद्धतीतली हुशारी एवढीच आहे.

रोजचं म्हणाल तर साबणाचे दोन थेंब चालतात. तयार थर साबणाने जात नाही, हे आपण मघाशी बघितलं. पाण्यात भिजत मात्र ठेवू नका, आणि आंबट पदार्थ करून तसाच ठेवू नका. धुवा, गॅसवर कोरडा करा, तेलाचं फडकं फिरवा. बस.

आता दगडाबद्दल. बऱ्याच जणांनी विचारलं होतं, दगडी भांड्याचंही असंच असतं का?

आधी दगडी म्हणजे काय ते बघा. दुकानात हल्ली "स्टोन" किंवा "ग्रॅनाइट" लिहिलेले ठिपक्याठिपक्यांचे तवे मिळतात. त्यात दगड नसतो. ती बहुतेक ॲल्युमिनियमची भांडी असतात आणि वर नॉनस्टिकचा लेप, ठिपके नुसते दिसायला. त्यातून पापुद्रे निघायला लागले तर ते भांडं दुरुस्त होत नाही. पोटात गेलेला नॉनस्टिकचा तुकडा सहसा तसाच बाहेर पडतो, पण भांडं काढून टाकायचं. त्यावर तेलाचे थर देत बसू नका. खरा दगड पापुद्रे सोडत नाही. ठिपकेदार भांड्याची साल निघाली तर तो लेप आहे, एवढं लक्षात ठेवा.

खरं दगडी भांडं म्हणजे संगजिऱ्याचं, मऊ दगडाचं, तमिळ लोक ज्याला कल्चट्टी म्हणतात. आपण पाटीवर ज्या पेन्सिलीने लिहायचो त्याच जातीचा हा दगड. तो इतका मऊ की नव्या भांड्याला हात लावला तरी पांढरट पूड लागते. ती कोरून काढतानाची भुकटी असते. पाट्याला टाकी लावून घेतली की आपण पहिलं वाटण टाकून देतो ना, कच लागते म्हणून? इथेही तेच तत्त्व. भांडं नीट धुवायचं, एरंडेल तेल आणि हळद आतून-बाहेरून लावून दिवसभर ठेवायचं, धुवायचं, आणि मग आठवडाभर रोज त्यात भाताची गरम पेज भरून ठेवायची. रोज जुनी टाकून नवी. पूड निघते, दगडाच्या बारीक छिद्रांत पिठूळपणा आणि तेल बसतं. त्यानंतर पहिल्यांदा गॅसवर ठेवताना आत पाणी असू द्या आणि आच अगदी मंद ठेवा. हळूहळू वाढवा. दगड गंजत नाही, पण एकदम तापवला किंवा तापलेला असताना गार पाणी लागलं तर तडकतो, आणि तडकलेला दगड जुळत नाही. रात्रभर पाणी भरून कागदावर ठेवा. कागदावर ओल उमटली तर चीर आहे.

दगडी भांड्यात काळे कण आले तर ते बुडाशी करपलेलं अन्न असतं. कोमट पाण्यात भिजवा, लाकडी उलथन्याने काढा. तारेची घासणी नको, तिने दगडच निघतो.

एक शेवटचा इशारा, तो बिडाबद्दलच. भंगारवाल्याकडची किंवा कुणाच्या पडवीतली जुनी कढई घेताना विचारा की ती कशासाठी वापरली जायची. किनाऱ्यावर जाळ्याच्या वजनांसाठी शिसं वितळवतात, आणि त्याला घरातली जुनी बिडाची कढईच सोयीची पडते. शिसं घासून, उकळून, जाळून खात्रीने निघत नाही. अशी शंका जरी आली तरी त्यात कुंडी करा, झाड लावा, पण तेही खायचं झाड नको. जेवण शिजवायचं नाही. गंजाला घाबरायचं नाही, पण शिशाला घाबरायचं.

भावजयीचं पुढे काय झालं ते सांगते. तवा दोन आठवड्यांत तयार झाला. मी जाऊन स्वतः बघितला. काळा नव्हता, पिकलेल्या चिकूसारखा तपकिरी होता. पहिलं घावन चिकटलं, दुसरं फाटलं, तिसरं जाळीदार सुटलं. पापुद्रा एकही नव्हता. हिमोग्लोबिन आठव्या महिन्यात अकराच्या वर गेलं, गोळ्यांनी. ती मला म्हणाली, "ताई, मावशीला सांगू का, तव्यामुळे वाढलं म्हणून? तिला बरं वाटेल." मी म्हटलं, सांगू नकोस. उद्या ती हाच सल्ला आणखी कुणाला तरी देईल.

तुमच्या तव्यावरून काही निघत असेल तर आज रात्री कागद, बोट आणि चुंबक, एवढं करून बघा, आणि काय दिसलं ते कळवा.